थायरॉइड आटोक्यात, डोळे अजून नाहीत

थायरॉइडच्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झालेले असतात. छातीतली धडधड थांबलेली असते, उतरलेलं वजन परत भरू लागलेलं असतं, टीएसएचचा रिपोर्टही हळूहळू ताळ्यावर येत असतो. नेमकं त्याच सुमाराला कुणीतरी विचारतं, "अगं, तू डोळे वटारून का बघतेस?" आरशात पाहिलं तर उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा वाटतो आणि बुबुळाच्या वर पांढऱ्याची एक कड दिसते. ती कड आधी कधीच दिसत नव्हती. मग डॉक्टरांकडे एकच प्रश्न घेऊन माणसं येतात: थायरॉइड सुधारतोय, मग डोळे का बिघडतायत?

या प्रश्नाचं उत्तर समजलं की पुढची दीड-दोन वर्षं सोपी जातात. डोळ्यांचा हा आजार थायरॉइडच्या संप्रेरकांमुळे होत नाही. ज्या बिघडलेल्या प्रतिकारशक्तीने थायरॉइड ग्रंथीला चिथावलं, तीच डोळ्यांमागच्या पेशींवरही हल्ला करते. गोळ्या ग्रंथीला आवर घालतात, डोळ्यांमागचा दाह मात्र स्वतःच्या वेगाने चढतो आणि स्वतःच्या वेगाने उतरतो. ग्रेव्हज डिसीज, म्हणजे थायरॉइड अति चालण्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार, असलेल्या रुग्णांपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा लोकांच्या डोळ्यांवर याचा परिणाम दिसतो. बहुतेकांचा आजार सौम्य राहतो. काहींमध्ये डोळे आधी बिघडतात आणि थायरॉइड नंतर. थोड्या लोकांत थायरॉइडचे रिपोर्ट कायम नॉर्मल असतात किंवा ग्रंथी उलट मंदावलेली असते, तरी डोळ्यांना हा आजार होतो. डॉक्टर त्याला थायरॉइड आय डिसीज किंवा नुसतं टीईडी म्हणतात.

डोळा हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. ही खोबण फक्त पुढून उघडी असते आणि तिची सगळी जागा मिळून जेमतेम तीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा चमचे भरेल एवढी. त्यातच डोळा, त्याला हलवणारे सहा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, एवढं सगळं बसवलेलं असतं. थायरॉइड आय डिसीजमध्ये या खोबणीतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी चेकाळतात. त्यांच्यावर टीएसएचला ओळखणारे ग्राहक असतात आणि त्यालाच चिकटून काम करणारा आयजीएफ-वन या द्रव्याचा ग्राहकही असतो. रक्तातल्या प्रतिपिंडांनी या जोडीला डिवचलं की या पेशी हायलुरोनिक आम्ल तयार करू लागतात. हे द्रव्य सब्जासारखं पाणी शोषून फुगतं. त्याने स्नायू जाड होतात आणि काही पेशींची चरबी बनते. हाडांच्या भिंती सरकत नाहीत, म्हणून डोळा जिकडे वाट आहे तिकडे, म्हणजे पुढे ढकलला जातो.

स्नायूंमध्ये सर्वांत आधी बहुधा खालचा स्नायू सुजतो, मग नाकाच्या बाजूचा. सीटी स्कॅनमध्ये स्नायूचा मधला भाग फुगलेला आणि डोळ्याला जोडणारी दोरी तेवढी बारीक राहिलेली दिसते. हे चित्र इतकं ओळखीचं आहे की अनेकदा त्यावरूनच निदान पक्कं होतं. सुजलेला स्नायू पुढे घट्ट होतो आणि पुरता सैल सुटत नाही. खालचा स्नायू आखडला की वर पाहताना डोळा वर जायला कुरकुर करतो. दोन्ही डोळे सारखे वर गेले नाहीत की एकाचे दोन दिसतात.

पापणीची गोष्ट वेगळी आहे आणि ती बारकाईने सांगायला हवी, कारण या आजाराची सर्वांत नेहमीची खूण डोळा पुढे येणं नसून पापणी वर ओढली जाणं आहे. वरची पापणी सहसा बुबुळाची वरची कड एक-दोन मिलिमीटर झाकते. या आजारात ती वर चढते, इतकी की बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागतं. ती वर चढण्याची तीन कारणं एकमेकांत मिसळलेली असतात. पापणी उचलणारा एक छोटा स्नायू अ‍ॅड्रिनालिनच्या जातीच्या संदेशांवर चालतो. थायरॉइड अति चालत असतो तेव्हा तो सतत ताणलेला राहतो. थायरॉइड आटोक्यात आला की पापणीचा हा भाग थोडा खाली येतो. दुसरं म्हणजे पापणीचा मुख्य उचलक स्नायू स्वतःच सुजतो आणि नंतर आखडतो. तो मात्र गोळ्यांनी खाली येत नाही. तिसरं कारण लक्षात यायला जरा अवघड आहे. खालचा स्नायू घट्ट झाला की डोळा समोर धरून ठेवायलाही मेंदूला वरच्या स्नायूला जास्त जोर लावावा लागतो. पापणी उचलणारा स्नायू त्याच नसेवर चालतो, म्हणून तोही जोरात खेचला जातो.

याचा एक व्यवहारी परिणाम आहे. पापणी वर गेली की डोळा पुढे आला नसला तरी तो बटबटीत दिसतो. म्हणून आरशावर विसंबून चालत नाही. डोळा किती पुढे आहे आणि पापणी किती वर आहे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, कारण त्यांचे उपायही वेगळे आहेत.

डोळ्यांच्या या आजाराचा प्रवास ऑस्ट्रेलियातले शल्यचिकित्सक फ्रान्सिस रंडल यांनी 1945 मध्ये आलेखावर मांडला. तो आलेख आजही प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला दाखवला जातो. आजार सुरुवातीला भरभर चढतो, मग काही काळ एका उंचीवर थांबतो, मग हळूहळू थोडा उतरतो आणि शेवटी स्थिर होतो. सूज असलेला चढता काळ साधारण सहा महिने ते दीड-दोन वर्षांचा असतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो आणखी लांबतो. स्थिर झालेली रेषा मात्र बहुधा सुरुवातीच्या जागी परत येत नाही. काही ना काही मागे उरतं.

म्हणून प्रत्येक भेटीत डॉक्टर स्वतःला दोन वेगळे प्रश्न विचारतो. आजार अजून तापलेला आहे का? आणि त्याने आतापर्यंत किती नुकसान केलं आहे? हे दोन प्रश्न एक नव्हेत. डोळा खूप पुढे आलेला असूनही आजार थंड झालेला असू शकतो. तिथे स्टेरॉइडने काही फायदा होत नाही, झालाच तर शस्त्रक्रियेचा होतो. उलट डोळा थोडासाच पुढे आलेला, पण आतून धगधगत असतो. तिथे औषधाची हीच वेळ असते आणि शस्त्रक्रियेची घाई नुकसान करते, कारण आज नीट केलेली पापणी सहा महिन्यांनी पुन्हा हललेली असेल. एका भेटीतल्या आकड्यावरून यातलं काहीच ठरत नाही. तीन-चार भेटींचे आकडे शेजारी ठेवले की रेषा कोणत्या दिशेने चालली आहे ते दिसतं.

आजार तापलेला आहे की नाही हे ठरवायला सात खुणांची एक गुणमोजणी वापरतात. 1989 मध्ये नेदरलँड्समधल्या मौरिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. डोळ्यामागे आपोआप दुखतं का, डोळे फिरवताना दुखतं का, पापण्या लाल आहेत का, सुजल्या आहेत का, डोळ्याचा पांढरा भाग लाल आहे का, त्यावरचं पातळ आवरण पाण्याने फुगलं आहे का, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातली छोटी मांसल गाठ सुजली आहे का. प्रत्येक होकाराला एक गुण. तीन किंवा जास्त गुण मिळाले तर आजार सक्रिय धरतात. पुढच्या भेटींत आणखी तीन गोष्टी पाहतात: डोळा दोन मिलिमीटर किंवा त्याहून पुढे आला का, डोळ्याची हालचाल कमी झाली का, आणि नजर एका ओळीने घटली का. या मोजणीची मर्यादाही सांगायला हवी. काहींच्या डोळ्यांना लाली फारशी येत नाही, तरी आत स्नायू सुजत राहतात. अशा वेळी गुण कमी भरले म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. मोजलेला आकडा बदलतोय ना, हेच पाहायचं. गरज पडल्यास एमआरआयमध्ये स्नायूंतलं पाणी दिसतं.

डोळा पुढे किती आला हे मोजायला हर्टेल यांनी 1905 मध्ये बनवलेल्या उपकरणाचाच नमुना आजही वापरतात. ते पाहण्यासारखं असतं. एका आडव्या पट्टीवर दोन छोटे आरसे बसवलेले असतात आणि प्रत्येकाजवळ एक पाय. डॉक्टर समोर बसतो, तुमच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ हाडाची कड बोटाने चाचपतो आणि दोन्ही पाय तिथे घट्ट टेकवतो. मग म्हणतो, "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा." आरशात तुमचा डोळा बाजूने दिसतो आणि त्याखाली मिलिमीटरची पट्टी. आरशातल्या दोन खुणा एकावर एक आल्या की बुबुळाचा पुढचा टोकाचा भाग कोणत्या आकड्यावर येतो ते वाचायचं. मग दुसरा डोळा. निरोगी माणसांत हा आकडा साधारण 12 ते 20 च्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. चेहऱ्याची ठेवण, वंश, वजन यांनी तो बदलतो. त्यामुळे "माझा 19 आला, म्हणजे आजार आहे का?" या प्रश्नाला नुसत्या आकड्यावरून उत्तर नाही. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक आहे का आणि गेल्या वेळेपेक्षा दोन मिलिमीटरने बदलला आहे का, यांना अर्थ आहे. एका मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही येतो.

या उपकरणात एक फसगत आहे. दोन पायांमधलं अंतरही पट्टीवर वाचता येतं आणि ते दर भेटीला तेच ठेवावं लागतं. ते बदललं की डोळा जागचा न हलताही आकडा बदलतो. म्हणून नीट लिहिलेल्या केसपेपरवर फक्त "उजवा 20, डावा 18" असं नसतं, शेजारी "बेस 98" असंही असतं. आपल्या कागदावर हा तिसरा आकडा नसेल तर तो लिहून मागायला संकोच करू नये.

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी रोजच्या ओपीडीतली आहे. समजा, 43 वर्षांच्या एक प्राथमिक शिक्षिका आहेत. मार्चमध्ये त्यांना ग्रेव्हज डिसीजचं निदान झालं आणि कार्बिमाझोल सुरू झालं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिलीतली मुलं विचारू लागली, "बाई, तुम्ही रागावलात का?" त्या नेत्रतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरांनी पहिल्यांदा जुने फोटो मागितले. बाईंच्या मोबाइलमध्ये गेल्या वर्षीच्या लग्नसमारंभाचे फोटो होते आणि पर्समध्ये आठ वर्षांपूर्वीचं ओळखपत्र. दोन्हींत पापण्या बुबुळावर नीट बसलेल्या. म्हणजे आताचा बदल नवा आहे, डोळ्यांची जन्मजात ठेवण नव्हे, हे ठरलं. उपकरणाचा आकडा उजवीकडे 20, डावीकडे 18, बेस 98. पापणी किती वर आहे हे मोजायला डॉक्टर डोळ्यावर टॉर्चचा प्रकाश टाकतात आणि बाहुलीत चमकणाऱ्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने घेतात. सहसा ते चार-पाच मिलिमीटर असतं. बाईंचं उजवीकडे 7 आणि डावीकडे 5 भरलं. खाली पाहायला सांगितलं तर उजवी पापणी डोळ्याच्या मागे राहून सावकाश उतरत होती. सातपैकी दोन गुण: पापण्या सुजलेल्या आणि पांढरा भाग थोडा लाल.

आणखी एक गोष्ट त्यांच्या यजमानांनी सांगितली. रात्री झोपेत बाईंचा उजवा डोळा पुरता मिटत नाही, खाली पांढरी फट दिसते. डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंगाचा एक थेंब टाकला आणि निळ्या प्रकाशात पाहिलं. बुबुळाच्या खालच्या भागात हिरवे ठिपके उमटले. म्हणजे तिथे पृष्ठभाग कोरडा पडून सोलवटत होता. डोळे मिटताना निरोगी डोळा आपोआप वर फिरतो आणि बुबुळ पापणीखाली सुरक्षित जातं. खालचा स्नायू आखडलेल्या डोळ्याला हे नीट जमत नाही. म्हणून फट उघडी राहिली तर कोरड पडते, पुढे जखम होऊ शकते. बाईंना दिवसा दर दोन-तीन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना घट्ट मलम आणि उशी उंच, एवढंच दिलं. सौम्य आजारात सहा महिने सेलेनियम देतात. 2011 मध्ये युरोपात झालेल्या मोठ्या चाचणीत रोज 200 मायक्रोग्रॅमने फायदा दिसला होता. ज्या भागातल्या लोकांच्या आहारात सेलेनियम कमी असतं तिथेच त्याचा जास्त उपयोग होतो, असं मानतात. दोन महिन्यांनी यायला सांगितलं. सक्रिय काळात भेटी चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने ठेवतात.

ऑगस्टमध्ये चित्र बदललं होतं. सकाळी फळ्यावर वरच्या ओळीत सुविचार लिहिताना त्यांना एकाच्या दोन ओळी दिसू लागल्या होत्या. मान मागे नेली की त्या एक होत. वर पाहताना दुखत होतं. पापण्या आता लालही होत्या. सातपैकी चार गुण. उपकरणाचा आकडा उजवीकडे 22, डावीकडे 19, बेस 98 च. म्हणजे उजवा डोळा दोन मिलिमीटर सरकला होता आणि एका दिशेने नजर फिरवणं अवघड झालं होतं. हीच औषधाची वेळ. रक्तातली साखर, रक्तदाब, यकृताच्या चाचण्या आणि हिपॅटायटिस तपासून शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन सुरू झालं: आठवड्यातून एकदा 500 मिलिग्रॅम असे सहा आठवडे, मग 250 मिलिग्रॅमचे सहा. बारा आठवड्यांत एकूण साडेचार ग्रॅम. गोळ्यांपेक्षा शिरेतून देण्यात फायदा जास्त आणि त्रास कमी असतो. मात्र यकृतावर भार पडतो, म्हणून एका फेरीत आठ ग्रॅमच्या वर जात नाहीत.

याच दरम्यान एक गोष्ट घडली जी या आजारात वारंवार घडते. सप्टेंबरमध्ये टीएसएच वाढून 16 झाला. कार्बिमाझोलचा डोस गरजेपेक्षा जास्त होऊन ग्रंथी मंदावली होती. थायरॉइड मंदावणंही डोळ्यांना तेवढंच वाईट. म्हणून डोस कमी केला आणि दर चार ते सहा आठवड्यांनी थायरॉइडच्या तपासण्या चालू ठेवल्या. डोळ्यांचे डॉक्टर आणि थायरॉइडचे डॉक्टर एकमेकांना चिठ्ठी पाठवत नसतील तर रुग्णाने दोन्हीकडचे कागद दोन्हीकडे न्यायला हवेत. माझ्या मते या आजारात होणाऱ्या नुकसानाचा मोठा भाग या दोन दारांमधल्या अंतरातच होतो.

नोव्हेंबरअखेर गुण एकावर आले. लाली, सूज, दुखणं ओसरलं. आकडा उजवीकडे 21, डावीकडे 19. बाई निराश झाल्या, कारण डोळा आत गेलाच नव्हता. स्टेरॉइड आग विझवतं, पुढे आलेला डोळा मागे नेण्यात मात्र त्याचा फार उपयोग नसतो. डोळा खरोखर मागे नेणारं औषध म्हणजे टेप्रोटुमुमॅब. आयजीएफ-वनचा ग्राहक अडवणाऱ्या या इंजेक्शनला अमेरिकेत जानेवारी 2020 मध्ये मंजुरी मिळाली. त्याने रक्तातली साखर वाढू शकते, काहींची ऐकण्याची क्षमता कमी होते आणि किंमत तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची.

जानेवारीतल्या भेटीत आकडा उजवीकडे 23 आला. बाईंच्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी कागद पुन्हा पाहिला: बेस 101 लिहिलं होतं. सवयीपेक्षा वेगळ्या अंतरावर पाय टेकवले गेले होते. 98 वर आणून पुन्हा मोजलं तर 21. त्यानंतर मार्चमध्ये 21, मेमध्ये 21, जुलैमध्ये 21. पापणीचं अंतर प्रत्येक वेळी 7. गुण शून्य ते एक. डोळ्यांच्या हालचालीचा नकाशा, ज्याला हेस चार्ट म्हणतात, तोही तसाच. सहा महिने रेषा आडवी राहिली, तेव्हाच आजार थंड झाला असं म्हणता आलं.

आता शस्त्रक्रियेचा विचार. तिचा क्रम ठरलेला असतो आणि तो उलटा करता येत नाही. आधी खोबणीची हाडं काढून किंवा चरबी कमी करून डोळ्याला मागे जायला जागा करायची, मग तिरळेपणा सुधारायचा, मग पापणी. कारण पहिल्या टप्प्याने डोळ्याची जागा आणि दोन दिसण्याचा कोन बदलतो, दुसऱ्याने पापणीची उंची बदलू शकते. बाईंना दोन दिसणं फक्त खूप वर पाहताना उरलं होतं. वाचताना, चालताना, फळ्याच्या मधल्या भागावर लिहिताना काही अडचण नव्हती, म्हणून स्नायूंना हात लावायची गरज नव्हती. 21 चा डोळा त्यांना खटकत नव्हता, ती वर गेलेली पापणी खटकत होती. दिवाळीच्या सुट्टीत उजव्या पापणीची छोटी शस्त्रक्रिया झाली. भूल फक्त पापणीपुरती होती. उचलक स्नायू थोडा सैल केला आणि मध्येच बाईंना टेबलावर उठून बसायला सांगितलं, समोर पाहायला सांगितलं आणि दोन्ही पापण्या समान उंचीवर आल्यावरच टाके घातले. झोपलेल्या माणसाच्या पापणीवरून बसलेल्या माणसाच्या पापणीचा अंदाज नीट येत नाही, म्हणून ही पद्धत.

या सगळ्या शांत, सावकाश प्रवासाला एक अपवाद आहे, आणि तो प्रत्येक रुग्णाने ओळखायला हवा. खोबणीच्या मागच्या टोकाला, जिथे सगळे स्नायू एकत्र येतात, त्यांच्यामधून दृष्टीची नस जाते. स्नायू खूप सुजले तर तिथे ती दाबली जाते. साधारण शंभरातल्या पाच रुग्णांना हा धोका असतो. फसवं असं की यातल्या बऱ्याच जणांचे डोळे फार पुढे आलेले नसतात. डोळ्याला पुढे जायला मोकळी वाट मिळाली नाही की आतला दाब नसेवर येतो. त्यामुळे चेहरा पाहून "फार काही नाही" असं म्हणणं धोक्याचं आहे. नस दबायला लागली की आधी रंग फिके पडतात, विशेषतः लाल. मग नजर धूसर होते, नजरेच्या कडा पुसट होतात. दवाखान्यात म्हणूनच प्रत्येक भेटीत अक्षरांच्या तक्त्यासोबत रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात आणि टॉर्चने दोन बाहुल्यांच्या आकुंचनाची तुलना करतात. नस दबली असेल तर मोठ्या मात्रेत शिरेतून स्टेरॉइड देतात. दोन आठवड्यांत पुरेसा फरक पडला नाही तर हाड काढून नसेला मोकळं करतात, त्या वेळी आजार तापलेला असला तरी.

धूम्रपानाबद्दल एवढंच सांगतो की रुग्णाच्या हातात असलेल्या गोष्टींमध्ये तेच सर्वांत मोठं आहे. त्याने आजार होण्याची शक्यता वाढते, तो लांबतो, आणि स्टेरॉइडचा गुण कमी येतो. रेडिओआयोडीन देऊन थायरॉइड जाळण्याचा विचार असेल तर आधी डोळे दाखवावेत. त्याने काही रुग्णांचे डोळे बिघडतात आणि ज्यांना धोका असतो त्यांना सोबत काही आठवडे स्टेरॉइड द्यावं लागतं. आणि एक तपासणी: रक्तातली टीएसएच ग्राहकाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे ट्रॅब. ती बराच काळ उंच राहिली तर डोळ्यांचा आजार जोर धरण्याची किंवा उलटण्याची शक्यता जास्त असते. पण नुसत्या ट्रॅबवर उपचार ठरत नाही.

घरी करायचं ते एवढंच. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरून घरच्या कुणाकडून चार फोटो काढून घ्या: समोर बघून, दोन्ही बाजूंनी आणि खाली बघून. तारीख टाकून ठेवा आणि भेटीला जाताना सोबत न्या. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून कुंकवाच्या करंड्याकडे किंवा कुठल्याही लाल वस्तूकडे पाहा, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळ्यांना लाल सारखंच भडक दिसायला हवं. एका डोळ्याला ते फिकं किंवा विटकरी दिसू लागलं, किंवा नजर अचानक धूसर झाली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना फोन करा आणि सांगा की तुम्हाला थायरॉइड आय डिसीज आहे आणि रंग बदललेत.